55 ला घेतलेली पेन्शन तोट्याचीच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया (एक वाचक, मिरज): "लवकर पेन्शन घेतली तर 12 टक्के कपात मरेपर्यंत राहते. तुम्ही ती घ्या म्हणून सांगता, ही दिशाभूल आहे. 58 पर्यंत थांबावं, तोवर पीएफमधून खावं. आणि पोस्टापेक्षा आमची पतसंस्था जास्त व्याज देते, ते का नाही लिहीत?"

नमस्कार. कपात कायमची असते हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पीएफबरोबरच्या ईपीएस या पेन्शन योजनेची पूर्ण पेन्शन 58 ला लागते, आणि त्याआधी घेतली तर दर वर्षामागे 4 टक्के कमी मिळते. पण थांबण्यासाठी तुम्ही दुसऱ्या खिशातून किती काढता, तेही याच हिशोबात यायला हवं.

कुपवाड एमआयडीसीतला एक कामगार धरू. वय 55, काम सुटलं. पीएफचे 22 लाख आणि ग्रॅच्युइटीचे 4 लाख हातात आले. घरखर्च महिना 25 हजार. 58 ला पेन्शन 4,500 बसणार असेल, तर आज घेतल्यास 3,960 मिळेल. म्हणजे महिना 540 रुपयांचा फरक. पण आज घेतली तर 36 महिन्यांत 1,42,560 रुपये घरात येतात. नुसती बेरीज-वजाबाकी केली तरी 540 च्या फरकाने ही रक्कम भरून निघायला 264 महिने लागतात. 58 मध्ये 22 वर्षं मिळवली की वय होतं 80.

आणि हे व्याज न धरता. पेन्शन आली म्हणून पीएफमधले तेवढे पैसे मोडावे लागले नाहीत, ते ठेवीत राहिले. त्यांवर वर्षाला साधारण साडेचार टक्क्यांपेक्षा जास्त व्याज मिळालं, तर त्या व्याजातूनच 540 चा खड्डा भरून निघतो आणि मुद्दल शाबूत राहते. शिवाय ईपीएसची पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. ऐंशीव्या वर्षी 540 रुपयांत काय येईल, याचाही विचार करा.

मग थांबायचं कुणी? ज्याला 55 नंतर पुन्हा पीएफ कापणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळण्याची शक्यता आहे त्याने. लवकरची पेन्शन नोकरी सुटल्यावरच मिळते, आणि एकदा ती सुरू झाली की पुढच्या नोकरीची वर्षं पेन्शनच्या हिशोबात धरली जात नाहीत. थांबणाऱ्याची ती वर्षं त्यात मिळतात. बायकोची पेन्शनही नवऱ्याच्या पेन्शनच्या निम्मी असते, म्हणजे तिच्या वाट्यालाही 540 चं अर्धं कमी येतं. हे घरात बसून आधी बोलून घ्यावं.

पण माझा जीव तुटतो तो वेगळ्याच ठिकाणी. चार हजारांच्या पेन्शनवर वाद घालताना 26 लाखांकडे लक्ष राहत नाही. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी साठीनंतरची, पण निवृत्त झालेल्याला ती 55 पासून उघडता येते. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते भरायचे, आणि मिळाले त्याहून जास्त नाही. पैसे बचत खात्यात पडून राहिले, चौथा महिना लागला, की हे दार साठीपर्यंत बंद. त्यासाठी मालकाचं पत्र लागतं: निवृत्ती झाली, नोकरी कोणती होती, किती काळ होती, किती पैसे मिळाले. हे पत्र कामावर असतानाच मागून ठेवा, कारण गेट सुटल्यावर ऑफिसात कुणी ओळखही दाखवत नाही. पत्रात नुसतं 'राजीनामा' असं लिहिलं असेल तर काउंटरवर अडवणूक होऊ शकते. 'निवृत्त' हा शब्द त्यात लिहून घ्या.

आपल्या कामगाराने यात 20 लाख ठेवले तर 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 41,000 येतात, म्हणजे महिना साधारण 13,667. त्यात पेन्शनचे 3,960 धरले तर 25 हजारांना 7,373 कमी पडतात. तीन वर्षांचे ते दोन लाख पासष्ट हजार होतात. उरलेल्या 6 लाखांतून तेवढे एक आणि दोन वर्षांच्या मुदत ठेवींत आणि बचत खात्यात वाटून ठेवायचे. राहिलेले साधारण तीन लाख पस्तीस हजार आजारपणासाठी, त्यांना हात लावायचा नाही. 58 ला हा खड्डा आपोआप बुजत नाही हेही सांगतो. थांबून 4,500 घेतले असते तरी तो बुजला नसता. साठीपर्यंत चालवायला आणखी पावणेदोन लाख लागतील. तेवढ्यासाठी या वर्षांत थोडं अर्धवेळ काम धरावं लागतं, नाहीतर खर्च आवरावा लागतो.

राहिली पतसंस्था. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. ज्या माणसाचा पगार बंद झालाय, त्याचे पैसे तिथे अडकले तर त्या महिन्याचा किराणा कुठून आणायचा? जादा व्याज घ्यायचं असेल तर बुडाले तरी चूल थांबणार नाही एवढीच रक्कम तिथे ठेवा. वरच्या 20 लाखांतला रुपयाही नको.

तुमची सेवेची वर्षं आणि पासबुकातली पेन्शन इथे लिहिलीत, तर तुमच्या आकड्यांवर हाच हिशोब मांडून देतो.