निवडलं म्हणजे शिकलं असं नाही

लहान मुलं शब्द कशी शिकतात याबद्दल पालकांना खालीलसारखा सल्ला दिला जातो. त्यातलं एकेक विधान संशोधनाशी ताडून पाहू.

“दोन वर्षांचं मूल नवा शब्द एकदा ऐकलं की कायमचा शिकतं. एका वस्तूला एकच नाव, हा नियम त्याच्या मेंदूत जन्मतःच असतो, म्हणून घरात दोन भाषा वापरून त्याचा गोंधळ करू नका. वस्तूकडे बोट दाखवून नाव सांगा, बाकीचं ते आपोआप समजून घेतं.”

एकदा ऐकलं की कायमचं

पहिल्या विधानामागे ‘फास्ट मॅपिंग’ आहे, म्हणजे एकदा-दोनदा ऐकूनच मूल नवा शब्द झटपट पकडतं ही कल्पना. ती मानसशास्त्रज्ञ सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांच्या १९७८च्या प्रयोगातून आली. त्यांनी बालवाडीतल्या मुलांना सहज बोलता बोलता सांगितलं, “तो क्रोमियम ट्रे आण, निळा नको, क्रोमियम आण.” ट्रे शेवाळी हिरव्या रंगाचा होता. मुलांनी तो बरोबर आणला. पण काही दिवसांनी तपासलं तेव्हा काहींना हा रंगाचा शब्द आहे एवढंच उमगलं होतं. तो नेमका कोणता रंग, हे फार थोड्यांना सांगता आलं. झटपट होते ती शब्दाची पहिली, कच्ची नोंद. अर्थ पक्का व्हायला पुढे बराच काळ जातो, हे केरींनी स्वतःच पुन्हा पुन्हा मांडलं आहे.

जेसिका हॉर्स्ट आणि लॅरिसा सॅम्युएलसन यांचा २००८चा प्रयोग तर थेट दोन वर्षांच्या मुलांवरचा आहे. मुलासमोर तीन वस्तू ठेवल्या, दोन ओळखीच्या आणि एक कधीच न पाहिलेली, आणि नवा शब्द उच्चारून ती वस्तू मागितली. मुलं बहुतेक वेळा अनोळखी वस्तू उचलत. इथवर पाहिलं तर शब्द शिकल्यासारखंच वाटतं. पाच मिनिटांनी त्याच शब्दांची परीक्षा घेतली तेव्हा मात्र उत्तरं केवळ अंदाजाने यावीत तितकीच बरोबर आली.

या फरकाचं कारण चाचणीच्या मांडणीतच आहे. चेंडू, कप आणि एक अनोळखी वस्तू समोर असेल, तर शब्द आठवायची गरजच पडत नाही. चेंडूला नाव आहे, कपला नाव आहे, म्हणजे उरलेली ती. म्हणून शब्द खरंच राहिला का हे पाहायचं असेल, तर थोडा वेळ जाऊ द्यावा आणि नुकतीच नावं सांगितलेल्या दोन-तीन नव्या वस्तू एकत्र ठेवून त्यातली एक मागावी. आता वगळायला काही नसतं, आठवावंच लागतं. घरात “बघ, लगेच ओळखलं!” असं आपण म्हणतो, ते जवळपास नेहमी पहिल्या प्रकारच्या मांडणीत. त्याच प्रयोगमालिकेत, मुलाने वस्तू निवडल्यावर ती उचलून, दाखवून तिचं नाव पुन्हा सांगितलं, तेव्हा शब्द जास्त टिकले. पालकांनी या अभ्यासातून काही घ्यायचं असेल, तर मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

तीन-चार वर्षांच्या मुलांना एखादा नवा शब्द महिन्यानंतरही आठवला, असंही एका अभ्यासात दिसलं आहे. पण त्याच मुलांना “ही वस्तू माझ्या काकांनी दिली” ही माहितीही तितकीच आठवली. म्हणजे यात शब्दांसाठी राखीव अशी वेगळी शक्ती दिसत नाही.

जन्मजात नियम आणि दोन भाषा

एका वस्तूला एकच नाव असं धरून नवा शब्द बिननावाच्या वस्तूला जोडणं, हा मुलांचा कल आहे, अटळ नियम नाही. २००३मध्ये जस्टिन हॅल्बर्डा यांनी बाळांची नजर तपासली. नवा शब्द ऐकून सतरा महिन्यांची बाळं अनोळखी वस्तूकडे वळत होती, चौदा महिन्यांची नाही. २००९मध्ये क्रिस्टा बायर्स-हाइनलाइन आणि जॅनेट वर्कर यांनी साधारण दीड वर्षाच्या मुलांची तुलना केली. एका भाषेच्या घरातल्या मुलांत हा कल स्पष्ट होता, दोन भाषांच्या घरात पुसट, तीन भाषांच्या घरात दिसलाच नाही. एका वस्तूला अनेक नावं असतात हे रोज ऐकणारं मूल हा आडाखा कमी वापरतं. त्याला गोंधळ म्हणणं चूक आहे. आपल्या भोवतीच्या बोलण्यातून त्याने काढलेला तो योग्य निष्कर्ष आहे. भीतीपोटी एखाद्या घराने आपली एक भाषा मुलापासून तोडावी, याला या संशोधनात कुठेही आधार नाही.

बोट दाखवलं की समजलं

बोटाने वस्तू कळते, तिचा कोणता पैलू अभिप्रेत आहे ते कळत नाही. मुलं आधी नाव संपूर्ण वस्तूचं धरतात. एलन मार्कमन आणि ग्विन वॉक्टेल यांनी १९८८मध्ये दाखवलं, की वस्तूचं नाव आधीच माहीत असेल तर मुलं नवा शब्द तिच्या भागाला लावतात, नसेल तर अख्ख्या वस्तूला. त्यामुळे मासा ओळखणाऱ्या मुलाला त्याचा कल्ला दाखवता येतो. मासाच माहीत नसेल, तर ‘कल्ला’ हेच त्या प्राण्याचं नाव ठरण्याची शक्यता मोठी. अशा वेळी आधी “हा मासा” आणि मग “हा माशाचा कल्ला” असं सांगावं. गैरसमज झाला का ते पाहायला दोन चित्रं पुरतात: एकात पूर्ण मासा, दुसऱ्यात फक्त कल्ला. “कल्ला कुठला?” विचारल्यावर मूल पूर्ण माशाकडे गेलं, तर त्याने शब्द अख्ख्या प्राण्याला लावला असावा.