जीएसडीचं सूत्र बरोबर आहे, त्यात घातलेली उंची चुकते

दावा असा फिरतोय: "ड्रोनची उंची, कॅमेऱ्याची फोकल लेंथ आणि सेन्सरची रुंदी एवढं माहीत असलं की एक पिक्सेल म्हणजे किती सेंटीमीटर ते कळतं. मग पिक्सेल मोजा, गुणाकार करा, फोटोतल्या कुठल्याही वस्तूचं अचूक माप मिळतं. सगळे आकडे फोटोच्या एक्झिफमध्ये असतातच, टेप लावायची गरज नाही."

एका पिक्सेलमध्ये मावणाऱ्या या अंतरालाच जीएसडी म्हणतात. त्याच्या सूत्रावर माझा आक्षेप नाही. ते असं आहे:

```
जीएसडी = (उंची × सेन्सरची रुंदी) ÷ (फोकल लेंथ × फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये)
```

आक्षेप "कुठल्याही", "अचूक" आणि "असतातच" या तीन शब्दांवर आहे. उदाहरणासाठी डीजेआय फँटम ४ प्रो घेऊ. त्याचा सेन्सर १३.२ मिमी रुंद, फोकल लेंथ ८.८ मिमी आणि पूर्ण फोटो ५४७२ पिक्सेल रुंद. हे तीन आकडे एकत्र केले तर ३६४८ मिळतात, म्हणजे जीएसडी काढायला उंचीला फक्त ३६४८ ने भागायचं. ६० मीटरवरून एक पिक्सेल १.६४ सेंटीमीटरचा.

आधी "असतातच" बघू, कारण ते लवकर उरकतं. एक्झिफमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत, फोकल लेंथ दोनदा असते. एक खरी, ८.८. दुसरी `FocalLengthIn35mmFormat`, इथे २४. ही दुसरी ३६ मिमी रुंदीच्या फिल्मच्या हिशोबातली आहे. ती घ्यायची तर सेन्सरची रुंदीही ३६ धरायची, उत्तर तेच येतं. पण २४ आणि १३.२ अशी जोडी जमवली की उत्तर पावणेतीनपट लहान होतं आणि वीस मीटरची भिंत सव्वासात मीटरची दिसते. ही चूक निदान डोळ्यात भरते. फोटो ४:३ प्रमाणात काढला असेल तर जी चूक होते ती भरत नाही. तेव्हा फोटो ४८६४ पिक्सेल रुंद असतो, कारण सेन्सरच्या दोन्ही कडा कापलेल्या असतात. रुंदी मात्र १३.२ च धरली की प्रत्येक माप साडेबारा टक्के जास्त येतं, आणि तेवढ्या फरकाची कुणाला शंकाही येत नाही.

आता खरा मुद्दा, उंची. सूत्राला हवं असतं ते कॅमेऱ्यापासून मोजायच्या पृष्ठभागापर्यंतचं उभं अंतर. एक्झिफमधली `GPSAltitude` ही समुद्रसपाटीच्या आसपासच्या संदर्भातून मोजलेली असते, ती इथे कामाची नाही. `RelativeAltitude` ही टेकऑफच्या जागेपासूनची असते आणि हवेच्या दाबावरून काढलेली असते. ड्रोन बांधावरून उडवला आणि मोजायचं शेत पाच मीटर खाली असेल, तर स्क्रीनवर ६० दिसतात आणि खरं अंतर ६५ असतं. लांबी तेवढ्याच टक्क्यांनी चुकते, आठ टक्क्यांनी कमी येते.

वस्तू स्वतः उंच असेल तेव्हा तर हे फारच महागात पडतं. बारा मीटर उंच इमारतीचं वीस मीटर लांबीचं सपाट छत घ्या. ड्रोन जमिनीपासून ६० मीटरवर आहे, म्हणजे छतापासून ४८ मीटरवर. छतावरचा पिक्सेल १.३२ सेंटीमीटरचा, म्हणून छत फोटोत १५२० पिक्सेल लांब दिसेल. दाव्याप्रमाणे १.६४ च्या जीएसडीने गुणलं की लांबी पंचवीस मीटर. क्षेत्रफळात ही चूक वर्गाने वाढते, छप्पन्न टक्के जास्त. या आकड्यावर कुणी वॉटरप्रूफिंगचं किंवा सोलर पॅनेलचं सामान मागवलं तर ढिगाने उरेल. एकाच फोटोत रस्त्याचा जीएसडी वेगळा, गाडीच्या टपाचा वेगळा, छताचा वेगळा. "या फोटोचा जीएसडी" असं म्हणताना कुठल्या पातळीवरचा, हे सांगितलंच पाहिजे.

इमारतीची उंची माहीत असेल तर ती वजा करा, प्रश्न मिटला. माहीत नसेल तर एक पद्धत आहे जी मला फार आवडते, कारण तिला टेकऑफची जागा किंवा इमारतीची उंची काहीच लागत नाही. कॅमेरा सरळ खाली ठेवून त्याच छताचे दोन उंचींवरून फोटो घ्या. ६० मीटरवरून छत १५२० पिक्सेल भरलं, ८० वरून १०७३. या दोन संख्यांना n1 आणि n2 म्हणू. मग:

```
लांबी = उंचीतला फरक × (n1 × n2) ÷ ((n1 − n2) × 3648)
      = 20 × (1520 × 1073) ÷ (447 × 3648) ≈ 20 मीटर
```

इथे फक्त दोन उंचींमधला फरक वापरला जातो. दोन्ही आकड्यांत सारखीच चूक असेल, मग ती पाच मीटरची का असेना, ती वजाबाकीत निघून जाते. मर्यादाही तिथेच आहे. वीस मीटरच्या फरकात एक मीटर चुकला तर लांबी पाच टक्के चुकते. म्हणून फरक मोठा ठेवा आणि दोन्ही फोटो लागोपाठ घ्या, मधे हवेचा दाब बदलायला वेळ देऊ नका.

"सरळ खाली" म्हणजे `GimbalPitchDegree` मध्ये −90. कॅमेरा तिरका असला की फोटोला एकच जीएसडी राहत नाही. ६० मीटरवर तीस अंश तिरका केला, तर अगदी मध्यभागीसुद्धा पिक्सेल आडवा १.९ सेंटीमीटर आणि खोलीच्या दिशेने जवळजवळ २.२ सेंटीमीटर होतो. कडांकडे फरक आणखी वाढतो. अशा फोटोवर हे सूत्र चालवूच नये. आणि कॅमेरा सरळ खाली ठेवून घेतलेल्या फोटोतही छताच्या कोपऱ्यापासून त्याच इमारतीच्या पायथ्यापर्यंत रेघ ओढू नका. छत फोटोच्या मध्यापासून बाहेर सरकलेलं दिसतं, ती रेघ कशाचंच माप नसते.

राहिला "अचूक". १.६४ सेंटीमीटरचा जीएसडी म्हणजे १.६४ सेंटीमीटरची अचूकता नव्हे. तीस सेंटीमीटरचं चेंबरचं झाकण या फोटोत अठरा पिक्सेलचं असतं. झूम करून बघा, कड एका पिक्सेलवर संपत नाही, दोन-तीन पिक्सेलमध्ये विरत जाते. दोन्ही कडांना एकेक पिक्सेल इकडेतिकडे झाला तरी तीन सेंटीमीटर, म्हणजे दहा टक्के गेले. वीस मीटरच्या छताला तोच एक पिक्सेल जाणवतही नाही.

टेपबद्दल सांगायचं तर ती लावाच. दहा मीटर टेप जमिनीवर ताणून दोन टोकांना ठळक खुणा ठेवा, शक्यतो फोटोच्या मध्याजवळ, कारण लेन्सची वक्रता कडांना जास्त त्रास देते. ६० मीटरवरून त्या खुणांमध्ये ६०८ पिक्सेल यायला हवेत. ५८३ आले, तर खरं अंतर ६२.६ मीटर आहे आणि त्या पातळीवरचा जीएसडी १.७२. इथून पुढे एक्झिफमधली उंची बाजूला ठेवा आणि हाच आकडा वापरा, पण फक्त टेप ज्या पातळीवर होती तिथल्याच वस्तूंना. छत मोजायचं असेल तर टेप छतावर न्या.