पगार मागावा, पण पेरोलला त्रास न देता

दोन महिन्यांचा पगार अडकलाय? मेल जरूर करा. पण अदबीनं. विषयाच्या जागी 'नम्र विनंती' एवढंच लिहा. कसली विनंती, ते पेरोलनं ओळखावं. पहिल्या ओळीत माफी मागा, दुसरीत 'आपण कामात असाल' म्हणा. महिना, रक्कम, एम्प्लॉयी कोड यांतलं काही टाकू नका. आकडे घातले की मागणी वाटते.

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतले आमचे एक सुपरवायझर भाऊ या कलेत निष्णात. गोडाऊनला दोन गोण्या कमी उतरल्या, तर हा माणूस बिल्टी नंबर, गाडी नंबर आणि उतरवायची वेळ लिहून दहा मिनिटांत शॉर्टेजचा मेल टाकतो. ट्रान्सपोर्टवाल्याला घाम फुटतो. पण जून-जुलैचा स्वतःचा पगार आलाच नाही, तेव्हा लिहिलं, 'सवडीनुसार लक्ष घालावे ही विनंती.' पुण्याहून उत्तर आलं, 'प्रोसेसमध्ये आहे.' भाऊंनी लगेच आभार मानले. असे चार मेल झाले. हमाल रोज विचारायचे, "पगार व्हयना का भाऊ?" भाऊ म्हणायचे, प्रोसेसमध्ये आहे.

पीएफचं पासबुक मात्र तुम्ही चुकूनही उघडू नका. त्यात जूनची नोंद दिसली, तर कंपनीनं तुमचं जूनचं वेतन कागदावर मांडलंय हे कळेल, आणि मग झोप लागणार नाही. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा, असं वेतन संहिता सांगते. तेही मेलमध्ये नको. उगाच कायदा शिकवल्यासारखं दिसतं.

सगळ्यात उद्धट प्रश्न एकच: 'पैसे पाठवले असतील तर यूटीआर नंबर द्या.' यूटीआर म्हणजे पैसे पाठवल्यावर बँक त्या व्यवहाराला देते तो नंबर; एनईएफटीला तो १६ अक्षर-अंकांचा असतो. पैसे निघालेच नसतील, तर तो देता येत नाही. निघून परत फिरले असतील, तर नंबर शोधताना ते उघड होतं. 'प्रोसेस'ला मग लपायला जागा राहत नाही.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात घरचे बोल ऐकून भाऊ बिघडले. त्यांनी शॉर्टेजचा मेल काढला आणि गोण्यांच्या जागी पगार घातला: कोड अमुक, जून व जुलै, खात्याचे शेवटचे चार आकडे, दोन्ही यूटीआर, उत्तर शुक्रवारपर्यंत, प्रत मॅनेजरला.

तासाभरात उत्तर आलं. मे महिन्यात भाऊंनी नवं खातं कळवलं होतं, ते चढवताना पेरोलकडून एक आकडा चुकला. दोन्ही पगार बँकेतून परत येऊन कंपनीच्याच खात्यात पडून होते. जूनचा तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून.

शेवटी पेरोलनं लिहिलं होतं, 'आपण आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं.'

भाऊंनी आभार मानले.