झाडाला दोन तंबू लागले म्हणून कोडं चुकत नाही

*«झाडं-तंबूचं हे कोडंच चुकलंय. दुसऱ्या ओळीत मधल्या घरात तंबू ठेवला. डावीकडच्या झाडाला तंबू मिळाला, म्हणून त्याच्या बाजूच्या बाकी घरांवर फुल्या मारल्या. मग तिसऱ्या ओळीत जागाच उरली नाही. तुमच्या उत्तरात तर त्या झाडाला दोन तंबू लागलेत! नियम कुठं राहिला? शेवटी अंदाजच करायचा ना?» – एक निवृत्त शिक्षक, खानापूर*

गुरुजी, नमस्कार. तुम्ही नेमकं कुठं अडलात ते लिहिलंत, त्यामुळं सविस्तर उत्तर देता येतंय. बेळगावातल्या आमच्या रविवारच्या बैठकीतही नवीन येणारे बहुतेक जण इथंच थांबतात. कोडं पुन्हा समोर ठेवतो. 'झ' म्हणजे झाड, कडेचे आकडे म्हणजे त्या ओळीत किंवा रकान्यात किती तंबू.

```
    १ १ १ १ १
०   . . . . .
२   . झ . झ .
१   . . . . .
१   . . . झ झ
१   . झ . . .
```

नियम असा की प्रत्येक झाडाला स्वतःचा एक तंबू हवा आणि प्रत्येक तंबूला स्वतःचं एक झाड. तंबू आपल्या झाडाच्या वर, खाली, डावीकडं किंवा उजवीकडं असतो. दोन तंबू एकमेकांना शिवता कामा नयेत, कोपऱ्यातूनसुद्धा नाही. पण एखाद्या झाडाशेजारी दुसऱ्या झाडाचा तंबू येऊन बसला, तर त्याला कुठलीच बंदी नाही. शेजारी असणं वेगळं आणि जोडी असणं वेगळं.

तुम्ही मधला तंबू डावीकडच्या झाडाच्या नावावर लगेच लावून टाकलात. तो तंबू दोन झाडांच्या मध्ये आहे, म्हणजे उजवीकडच्या झाडाचाही असू शकतो. त्यामुळं तंबू कुणाचा हे ठरेपर्यंत कुठल्याच झाडाभोवती फुल्या मारायच्या नाहीत. तुमच्या फुल्यांनी पहिलं घर गेलं, मग दुसरा तंबू पाचव्या घरात ढकलावा लागला आणि त्यानं खालची ओळ बंद केली.

आता अंदाजाबद्दल. या कोड्यात अंदाजाची गरज नाही, आणि मला सर्वात आवडते ती हीच जागा. दुसऱ्या ओळीत तंबूसाठी पहिलं, तिसरं आणि पाचवं अशी तीनच घरं आहेत आणि तंबू हवेत दोन. कुठली दोन, ते अजून माहीत नाही. तरी खालच्या ओळीकडं बघा. तिथं झाडाला लागून असलेली घरं दुसरं, चौथं आणि पाचवं. दुसऱ्या घरात तंबू ठेवला, तर वरच्या पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही घरांना तो कोपऱ्यातून शिवतो. मग वर फक्त पाचवं घर उरतं, आणि हवेत तर दोन तंबू. म्हणून ते घर बाद. चौथ्या घराचंही तसंच, ते वरच्या तिसऱ्या आणि पाचव्याला शिवतं. राहिलं पाचवं. तिसऱ्या ओळीचा तंबू तिथंच.

तो ठरला की वरचं पाचवं घर आपोआप जातं, आणि दुसऱ्या ओळीचे तंबू पहिल्या व तिसऱ्या घरात पक्के होतात. दुसऱ्या रकान्यात आता फक्त चौथ्या ओळीतलं घर मोकळं आहे आणि चौथ्या रकान्यात फक्त पाचव्या ओळीतलं. कोडं सुटलं.

जोड्या जुळतात का हे तपासायची रीत सोपी आहे. ज्या तंबूशेजारी एकच झाड आहे तिथून सुरुवात करा. दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या तंबूला दुसरं झाडच नाही, म्हणून डावीकडचं झाड त्याचं. पेन्सिलीनं दोघांमध्ये रेघ ओढा आणि दोघांनाही विसरा. आता मधल्या तंबूशेजारी एकच झाड उरलं, उजवीकडचं. तिथं रेघ. असंच पुढं. एका झाडाशेजारी दोन तंबू होते खरे, पण जोड्या अगदी एकास एक आहेत.

याची उलटी बाजूही ध्यानात ठेवा. एका झाडाच्या डावी-उजवीकडं तंबू आहेत आणि त्या दोघांनाही दुसरं कुठलं झाड लागून नाही, असं झालं तर आकडे जुळले तरी उत्तर चूक. रेघा ओढताना एक तंबू बिनझाडाचा राहतो, तिथं ते लगेच कळतं. नुसते आकडे मोजणाऱ्याला कळत नाही, म्हणून मी मुलांना रेघा ओढल्याशिवाय वही मिटू देत नाही.

कधी कधी मात्र एक झाड असलेला तंबू सापडतच नाही. चार तंबू एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर आणि चार झाडं त्यांच्या मधोमध असली, तर प्रत्येक तंबूला दोन झाडं लागतात. तिथं कुठल्याही एका झाडापासून रेघ ओढून गोल फिरा. उजवीकडून फिरा नाहीतर डावीकडून, दोन्ही जोड्या बरोबर, आणि तंबूंच्या जागा त्याच राहतात.

तुमच्या वहीतल्या त्या फुल्या खोडून तिसऱ्या ओळीपासून पुन्हा बघा, आणि कुठं अडलंच तर ओळ-रकाना लिहून कळवा.