एका वायरीचा संसार

कॉम्प्युटर घ्यायचा ठरला तेव्हा हिची एकच अट होती: हॉलमध्ये वायरींचं जंजाळ दिसता कामा नये. म्हणून सगळा कॉम्प्युटर पडद्यातच बसवलेला चोवीस इंची ऑल-इन-वन आणला. भिंतीशी ठेवला, एक वायर खोचली, झालं. येणारा-जाणारा विचारायचा, "टीव्ही नवीन घेतलात?" आम्ही धन्य.

मे महिन्यात भाचा आला आणि त्याने जीटीए फाइव्ह टाकला. पीसीवर हा गेम २०१५ साली आला. एवढ्या जुन्या गेमला आपलं नवं यंत्र सहज पुरेल, असा माझा भाबडा हिशेब. पहिली दोन-तीन मिनिटं गाडी झकास पळाली. मग पडद्यामागून मिक्सरसारखी घरघर सुरू झाली आणि गाडी लग्नाच्या अल्बमसारखी, एकेक फोटो दाखवत पुढे सरकू लागली.

"मामा, तुला उभा केलेला लॅपटॉप विकलाय," भाचा म्हणाला. त्याने टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा वेग चार गिगाहर्ट्झच्या वरून घसरत दोनच्या खाली आलेला. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी U होता, म्हणजे लॅपटॉपसाठी बनवलेला, पंधरा वॅटच्या खुराकावर जगणारा जीव. थोडा वेळ तो जास्त वीज खाऊन जोर दाखवतो. पण पडद्यामागच्या बोटभर जागेत इवलासा पंखा. उष्णता बाहेर जात नाही, मग तो स्वतःच दम खातो. त्यात ग्राफिक्सचं काम करणारी चिपही त्याच्याच पोटात. दोघांनी पंधरा वॅट वाटून घ्यायचे. तिला स्वतःची मेमरीही नाही, रॅममधून उसनी घेते. आणि रॅम आठ जीबीची एकच पट्टी, म्हणजे एकपदरी रस्ता.

"ग्राफिक्स कार्ड बसवू की," मी दुकानदारासारखा म्हणालो. भाचा हसला. त्याच्या घरचं कार्ड एकटंच १७० वॅट खातं, आमचा अडॅप्टर सगळ्यांना मिळून नव्वद देतो. शिवाय कार्ड खोचायला आत खाचच नाही.

रॅमची एक खाच मात्र रिकामी निघाली. मागचं झाकण उघडताना प्लास्टिकची एक क्लिप कटकन तुटली (हिला अजून सांगितलेलं नाही). लॅपटॉपची आठ जीबीची दुसरी पट्टी बसवली, रस्ता दुपदरी झाला. सेकंदाला पंचवीस चित्रं दिसत होती, ती तेहतीस झाली. मग रिझोल्यूशन 1920x1080 वरून 1280x720 वर आणलं. यंत्राला दर चित्रामागे वीस लाखांऐवजी नऊ लाख ठिपके रंगवायचे राहिले, आणि आकडा पंचेचाळीसच्या पुढे गेला. चेहरे जरा धुरकट दिसतात, पण मला चष्म्याशिवाय तसेही तसेच दिसतात. अलीकडचा एक भारी गेमही टाकून पाहिला. तो मेनूतच गुदमरला.

घरघर थांबेना, तेव्हा भाच्याने स्वयंपाकघरातला टेबलफॅन पडद्यामागे आणून लावला. त्यासाठी एक्स्टेंशन बोर्ड आला. घरघर ऐकू येऊ नये म्हणून हेडफोन आला, आणि गाडी चालवायला जॉयस्टिक.

ही चहा घेऊन आली, कप ठेवायला जागा शोधली आणि शांतपणे वायरी मोजू लागली.