जात्यावरच्या ओव्या: पुनरुक्ती म्हणजे रिकामपण नव्हे

"जात्यावरच्या ओव्या म्हणजे अडाणी बायकांनी दळणाचा कंटाळा घालवायला केलेली गुणगुण. त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा, कवी कोण ते माहीत नाही, देवदेव आणि सासर-माहेर यापलीकडे विषय नाही. अलीकडच्या प्राध्यापकांनी उगाच त्यांना साहित्य करून टाकलंय."

हा मजकूर गेले काही दिवस फिरतो आहे. माझ्या मावशीकडेही तो पोचला. तिला शेकड्यांनी ओव्या पाठ आहेत. वाचून ती म्हणाली, "खरंच असेल गं, आम्हाला काय कळतंय." हे ऐकल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

शेवटच्या मुद्द्याचा निकाल आधी लावते, त्याला फार वेळ द्यायची गरज नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात गीतप्रकार सांगताना नोंद आहे की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी त्यानंतरची. आठ-नऊशे वर्षांपूर्वी एका राजाच्या ग्रंथात ज्या प्रकाराची दखल घेतली गेली, तो आजच्या प्राध्यापकांनी शोधून काढला म्हणणाऱ्याने निदान एवढं वाचायला हवं होतं.

आता पुनरुक्ती. सगळ्यात जास्त चीड मला याच मुद्द्याची येते, कारण ओवी जिथे सर्वांत कसबी असते, नेमकं तेच इथे दोष म्हणून दाखवलंय.

जात्यावर बहुतेक वेळा दोघी समोरासमोर बसायच्या. खुंट्याला दोघींचा हात, एकीने मधूनमधून मूठभर धान्य वैरायचं. एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती झेलायची. पहिली ओळ पुन्हा म्हटली जायची, कधी अर्धीच, मध्ये 'गं बाई', 'सांगते बाई तुला' अशी भर घालत. तेवढ्या फेऱ्यांमध्ये गाणारी दुसरी ओळ जुळवत असायची. पहिली ओळ बहुधा सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे ऐकणारीचं सगळं लक्ष आता ही दुसरी ओळ कुठे नेते याकडे. यमक तर पहिल्या ओळीने आधीच बांधून दिलेलं.

एकच ओवी घेते. गावागणिक तिचे शब्द थोडे बदलतात:

जात्या तू ईश्वरा, नको मला जड जाऊ
बयाच्या दुधाचा सया पाहती अनुभवू

पहिली ओळ एकटी ऐकली तर ती साधी विनवणी आहे. दळण भरपूर आहे, हात दुखतात, देवा, हलका हो. मग दुसरी ओळ येते. बया म्हणजे आई. सया, म्हणजे सोबतच्या बायका, बघतायत की हिच्या आईच्या दुधात किती जोर होता. एकाएकी दळणं ही माहेरची परीक्षा होते. आता पहिली ओळ पुन्हा म्हणून बघा. शब्द तेच, पण 'जड जाऊ नको' याचा अर्थ आता 'माझ्या आईला खाली पाहायला लावू नको' असा होतो. मघाशी शरीराबद्दल बोलणारी ओळ आता अब्रूबद्दल बोलते. ज्यांना ही 'तीच ती ओळ' वाटते, त्यांनी ती एकदाच वाचलेली असते, तीही छापलेली.

यात छापणाऱ्यांचाही दोष आहे. पुष्कळ संग्रहांत ओवीचं नेटकं द्विपद तेवढं ठेवलं जातं. परत घेतलेल्या ओळी आणि मधली संबोधनं गाळली जातात, कारण कागदावर ती पाल्हाळ दिसतात. उरतो सांगाडा, आणि मग वाचणारा म्हणतो, यात आहेच काय. ध्वनिमुद्रण आणि छापील पाठ शेजारी ठेवले की काय गळलं ते लगेच कळतं.

'कवी कोण ते माहीत नाही' हा मुद्दा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांसोबत काम करून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हजाराहून अधिक गावांतून. आज हा संग्रह 'परी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर आहे. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गावही दिलेलं आहे. म्हणजे गाणाऱ्या अनाम नाहीत. त्या संग्रहात एकाच सुरुवातीच्या कितीतरी ओव्या सापडतात आणि प्रत्येक गाणारीने पुढे आपापलं काही केलेलं दिसतं. पहिली ओळ सगळ्यांची, वळण तिचं.

आणि त्या 'मी'कडेही नीट बघा. मुलगा 'राघू', लेक 'मैना', भाऊ 'बंधू'. ही नावं जाणूनबुजून मोकळी ठेवलेली आहेत. नणंद 'माझा बंधू' म्हणते आणि भावजय तीच ओळ झेलते, तेव्हा बंधू बदललेला असतो. ओवीतली 'मी' ही जात्यापुढची जागा आहे, जी बसेल तिची. यातून एक आडोसाही मिळतो. सासू पलीकडच्या खोलीत असताना तिच्याबद्दल उघड बोलता येत नाही, पण सीतेबद्दल बोलता येतं. कैकयीने सीतेला केलेल्या सासुरवासाच्या ओव्या भरपूर आहेत. त्यातली एक, हिचेही पाठभेद आहेत:

सीतेला सासुरवास झाला केसोकेशी
सीतेनं वाटून दिला देशोदेशी

केस मोजता येणार नाहीत एवढा छळ, आणि तो तिने देशोदेशीच्या बायकांत वाटून टाकला. गाणारीच्या वाट्याला जे आलंय तो सीतेने दिलेला हिस्सा. माझं दुःख माझ्या एकटीचं नाही, हे 'आम्ही' शब्द न वापरता दोन ओळींत सांगितलंय. 'देवदेव' म्हणून मोडीत काढायच्या ओव्या याच. विषय तेवढेच असतात हेही खरं नाही. 'पहिली माझी ओवी', 'दुसरी माझी ओवी' अशी देवांना ओव्या वाहण्याची जुनी मोजणी घेऊन माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या. चौकट जुनीच ठेवून त्यांनी आतलं दैवत बदललं.

एक गोष्ट मान्य करते, मनाविरुद्ध. दळणाचा शीण कमी व्हावा म्हणून ओव्या गायल्या जात, हे खरं आहे. आणि सगळ्या ओव्या चांगल्या नाहीत. दुसरी ओळ नुसती यमक भरायला आलेली, पहिलीला कुठेही न हलवणारी, अशा ओव्या ढिगाने आहेत. पण त्या ओळखायची खूणही हीच: दुसरी ओळ ऐकून पहिलीकडे परत जा, ती बदलली का ते बघा. छापील कवितासंग्रहांतही सुमार कविता असतातच, त्यावरून कोणी कविताच बाद करत नाही.

अभ्यासक्रमात ओव्या घ्यायच्या तर 'लोकगीत' एवढंच खाली लिहून चार द्विपदं छापू नयेत. गाणारीचं नाव, गाव, परत घेतलेल्या ओळी आणि एकाच सुरुवातीचे निदान तीन वेगवेगळे शेवट द्यावेत. ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत, तीही वर्गात ऐकवावीत.