बॅटन पडली म्हणजे टीम बाद नव्हे

"मुलांना सांगून ठेवा, रिलेमध्ये बॅटन पडली की टीम बाद. घेणाऱ्याचा पाय झोनच्या रेषेबाहेर गेला तरी बाद. म्हणून घेणाऱ्याने झोनमध्ये उभं राहून मागे बघत राहावं आणि बॅटन हातात नीट आल्यावरच पळावं. थोडा वेळ जाईल, पण टीम वाचेल."
(ग्वाल्हेरच्या मराठी पालकांमध्ये शाळांच्या स्पर्धांआधी फिरणारा संदेश)

पहिलं वाक्य नियमात कुठेच नाही. बॅटन पडली तर ज्याच्या हातून पडली त्यानेच ती उचलायची, एवढीच अट आहे. देवघेव अर्धवट असताना पडली तर ती देणाऱ्याने उचलायची, कारण बॅटन फक्त घेणाऱ्याच्या हातात राहीपर्यंत देवघेव पूर्ण झालेली नसते. उचलायला आपली लेन सोडून जाता येतं. मात्र दुसऱ्या कुणाच्या वाटेत यायचं नाही, आणि परतताना जिथे बॅटन शेवटची हातात होती तिथूनच पुढे धावायचं, म्हणजे अंतर कमी होत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ४×१०० च्या प्राथमिक फेरीत ॲलिसन फेलिक्सला ब्राझीलच्या धावपटूचा धक्का लागला आणि इंग्लिश गार्डनरला देताना बॅटन खाली पडली. अमेरिकेच्या मुलींनी ती उचलून शर्यत पूर्ण केली, दाद मागितली, त्यांना एकट्याने पुन्हा धावू दिलं गेलं आणि अंतिम फेरीत त्यांनी सुवर्ण जिंकलं. बॅटन पडताच मैदान सोडणाऱ्या मुलांना हे आधीच सांगून ठेवायला हवं.

पायाच्या बाबतीत संदेशात अर्धं खरं आहे, पण ते चुकीच्या टोकाला जोडलंय. पंच देवघेव बघतात ती बॅटनच्या जागेवरून. धावपटूचं अंग, हात किंवा पाय कुठे आहे यावरून नाही. घेणाऱ्याचा बोटभर स्पर्श झाला की देवघेव सुरू, बॅटन एकट्या त्याच्या हातात आली की संपली, आणि हे दोन्ही क्षण झोनच्या, म्हणजे देवघेवीसाठी आखलेल्या पट्ट्याच्या, आत पडले पाहिजेत. घेणाऱ्याचा पुढचा पाय शेवटच्या रेषेपलीकडे पडला, पण मागे ताणलेल्या हातातली बॅटन अजून आत असेल, तर देवघेव वैध आहे. सुरुवातीच्या टोकाला मात्र पाय मोजतात. घेणाऱ्याने पळायला सुरुवात झोनच्या आतूनच करायची असते.

४×१०० मध्ये हा झोन आता ३० मीटरचा असतो. शर्यतीच्या अंतराने मोजलं तर प्रत्येक लेनमध्ये ८० ते ११०, १८० ते २१० आणि २८० ते ३१० मीटर. पूर्वी २० मीटरचा झोन आणि त्याआधी वेग घ्यायला वेगळे १० मीटर असत. दोन्ही एकत्र करून हा ३० चा झोन झाला. मैदानावर चुना टाकताना घोटाळा इथेच होतो. कुणी नव्या ३० मीटरच्या आधी जुने १० मीटरही आखतो, आणि त्या रेषेवरून निघालेली मुलं नियमाने बाद ठरतात. ४×४०० चा झोन वेगळा, २० मीटरचाच.

आता त्या सल्ल्याकडे येऊ. 'टीम वाचेल' असं म्हणून दिलेला हा सल्लाच टीमला बाद करू शकतो. झोनच्या पहिल्या रेषेला लागून उभा असलेला मुलगा मागे वळून हात लांब करतो, तेव्हा त्याचा तळवा रेषेच्या मागे जातो. पाय आत, बॅटन बाहेर, आणि स्पर्श झाला की चूक पूर्ण झाली. रिओमध्येच अमेरिकेची पुरुषांची टीम तिसरी आली होती. माइक रॉजर्सकडून घेताना जस्टिन गॅटलिनचा हात झोन सुरू होण्याआधीच बॅटनला लागला होता. टीम बाद झाली आणि कांस्य कॅनडाला गेलं.

शिवाय वेळही 'थोडा' जात नाही. ८.५ मीटर प्रति सेकंद वेगाने येणारी बॅटन २० मीटर साधारण २.३५ सेकंदात पार करते. उभ्याने निघालेल्या चांगल्या शाळकरी धावपटूला तेच २० मीटर सुमारे ३ सेकंद लागतात. त्यात देणाराही टक्कर टाळायला आधीच आवरतं घेतो. तीन देवघेवींत मिळून दोन सेकंद सहज जातात, आणि ४×१०० मध्ये दोन सेकंद म्हणजे पंधरा-सोळा मीटर.

मग करायचं काय? चेकमार्क लावायचा. नियमाने प्रत्येकाला आपल्या लेनमध्ये एक खूण करता येते, टेपची, जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब. देणारा त्या खुणेवर आला की घेणारा पूर्ण ताकदीने निघतो. समजा घेणाऱ्याला इशारा मिळाल्यापासून २० मीटर गाठायला ३.२ सेकंद लागतात. हे मोजायला टाळी आणि स्टॉपवॉच पुरे. तेवढ्या वेळात ८.५ च्या वेगाने येणारा देणारा २७.२ मीटर धावतो. दोघांचे हात ताणलेले असल्याने देताना मध्ये एक मीटर अंतर राहतं, म्हणजे देणारा १९ मीटरवर हवा. २७.२ मधून १९ वजा केले की ८.२ उरतात. घेणारा उभा आहे तिथून सव्वाआठ मीटर मागे खूण करायची. २८ सेंटिमीटरचा बूट असेल तर टाचेला चवडा लावत साधारण २९ पावलं. झोनचे शेवटचे १० मीटर चूक सांभाळायला शिल्लक राहतात.

ते किती सांभाळतात हेही बघा. घेणारा घाबरून ०.३ सेकंद आधी निघाला, तर अंतर अडीच मीटरने वाढतं. २० मीटरवर पोचेपर्यंत तो स्वतः ८ च्या आसपास वेगात असतो. पुढचे १० मीटर त्याला सव्वा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात देणारा फार तर अर्धा-पाऊण मीटर जवळ येतो. बॅटन झोनमध्ये पोचणार नाही. २०२४ मध्ये पॅरिसला क्रिश्चन कोलमन आणि केनी बेडनारेक यांची देवघेव झोनबाहेर गेली, कारण बेडनारेक लवकर निघाला होता. अशा वेळी मागून 'थांब' ओरडायचं आणि पुढच्याने वेग तोडायचा. वेळ जातो, पण टीम शर्यतीत राहते. उशिरा निघालं तर देणारा झोनच्या पूर्वार्धातच अंगावर येतो. वेग मरतो, पण देवघेव वैध असते. म्हणून नव्या टीमने खूण एक-दोन पावलं जवळ ठेवलेली बरी.

खूण तपासताना देणाऱ्याला ताज्या दमाने वीस मीटर पळवून उपयोग नाही. किमान साठ-सत्तर मीटर पूर्ण वेगाने धावून तो खुणेवर आला पाहिजे, नाहीतर शर्यतीत दमल्यावर तो आकड्यापेक्षा हळू येतो आणि देवघेव ठरल्या जागेच्या पुढे सरकते.

खुणेनंतर मागे बघायचं नाही. देणारा 'हात' म्हणाला की हात मागे जातो आणि तिथेच स्थिर राहतो. बॅटन कुठे टेकवायची ते देणारा बघतो. पहिला आणि तिसरा उजव्या हातात धरतो, दुसरा आणि चौथा डाव्या हातात, आणि मध्ये कुणी हात बदलत नाही. हातमोजे किंवा पकडीसाठी हाताला काही लावणं मात्र नियमबाह्य आहे.

आणि बॅटन दिल्यावर देणाऱ्याने आपल्याच लेनमध्ये राहायचं, शेजारच्या लेन मोकळ्या होईपर्यंत. दमून बाजूच्या लेनमध्ये गेला आणि कुणाला अडथळा झाला, तर निर्दोष देवघेव झालेली टीमही बाद होऊ शकते.